२५ मिनिटांचा डाव की दीड तासाची बैठक : जीएसटीच्या कामाला किती वेळ सलग बसावं

नाशिकच्या शरणपूर रोडवरचं तीन टेबलांचं एखादं कर सल्लागाराचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. एका टेबलावर टॅलीत खरेदीची बिलं चढतायत, दुसऱ्यावर जीएसटीआर-२बी आणि परचेस रजिस्टरचा ताळमेळ चाललाय, तिसऱ्यावर सर एका नोटिशीचं उत्तर लिहितायत. तिघांच्याही फोनवर तेच टायमर अ‍ॅप आहे, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती असं लावलेलं. बिलं चढवणाऱ्याला ते छान मानवतं. ताळमेळवाला वैतागतो, कारण सूर लागतो न लागतो तोच घंटी वाजते. नोटिशीचं उत्तर लिहिणारे सर चौथ्या दिवशी अ‍ॅप काढूनच टाकतात. तिघांचाही अनुभव खरा आहे. कामं तीन प्रकारची आणि माप एकच, एवढीच गडबड.

२५ मिनिटांचा आकडा आला तो फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसाकडून. १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, त्याने टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर समोर ठेवून अभ्यास सुरू केला. इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचं नाव पोमोडोरो. असे चार डाव झाले की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. दुसऱ्या बाजूला ९० मिनिटांचा आकडा सांगितला जातो. त्याचं मूळ नॅथॅनिएल क्लाइटमन या झोपेच्या अभ्यासकाच्या कल्पनेत आहे. झोपेत साधारण दीड तासाची आवर्तनं असतात, तशीच जागेपणीही चालू राहत असावीत, असं त्याने मांडलं होतं. झोपेतली आवर्तनं पक्की आहेत. जागेपणी लक्ष नेमकं दर दीड तासाने ओसरतं याचा पुरावा मात्र तितका भक्कम नाही. म्हणून दोन्ही आकडे सुरुवातीला धरायला ठीक, पण आपला आकडा आपल्या कामावरूनच काढावा लागतो. त्यासाठी दोन गोष्टी मोजायच्या: जम बसायला किती वेळ लागतो, आणि चुका कितव्या मिनिटापासून वाढतात.

जम बसायचा वेळ

खुर्चीत बसल्यापासून पहिली पक्की नोंद होईपर्यंतचा वेळ म्हणजे जमाचा वेळ. ‘पक्की नोंद’ प्रत्येक कामासाठी आधीच ठरवून घ्या, नाहीतर मोजणी भोंगळ होते. व्हाउचर एंट्रीत पहिलं बिल सेव्ह झालं की ती पक्की नोंद. ताळमेळात पहिला पुरवठादार पूर्ण जुळला किंवा फरकासह बाजूला काढला की पक्की नोंद. उत्तर लिहिताना मात्र पहिलं वाक्य धरू नका, ते बहुतेक वेळा खोडलंच जातं. शेवटच्या मसुद्यात टिकलेला पहिला परिच्छेद धरा.

मोजायला कागदाचं एक पान पुरतं. त्यावर पाच रकाने आखा: काम, बसल्याची वेळ, पहिली पक्की नोंद, व्यत्यय, उठल्याची वेळ. एक्सेलमध्ये काम असेल तर पानाऐवजी बाजूच्या रकान्यात `Ctrl + Shift + ;` दाबलं की चालू वेळ पडते. प्रत्येक कामाच्या किमान तीन बैठका मोजा आणि तिन्हींतला मधला आकडा घ्या. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. ज्या सकाळी क्लायंटने बिलांचा गठ्ठा तारखेप्रमाणे लावून पाठवला असेल, त्या सकाळचा जमाचा वेळ फसवा असतो.

या पानावर आणखी एक आकडा हवा, आणि तोच बहुतेक जण विसरतात: पाच मिनिटांच्या सुट्टीनंतर परत बसल्यावर पुढची पक्की नोंद व्हायला लागलेला वेळ. पहिल्यांदा जम बसायला १२ मिनिटं लागली म्हणजे प्रत्येक सुट्टीनंतर १२ लागतील असं नाही. चार-पाच मिनिटांत गाडी रुळावर येते. पण डाव जितके जास्त, तितक्या वेळा ही चार-पाच मिनिटं मोजावी लागतात.

चुका कधी वाढतात

हा आकडा मनाला विचारून मिळत नाही. कंटाळा आला म्हणजे चुका सुरू झाल्या असं नाही, आणि उत्साह आहे म्हणजे चुका होत नाहीत असंही नाही. उलट एंट्रीचा हात बसलेल्या माणसाचा वेग शेवटपर्यंत टिकतो आणि चुका त्या वेगात दडून जातात.

एकसुरी कामात लक्ष किती लवकर पातळ होतं, हे नॉर्मन मॅकवर्थने १९४८ साली दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात रडारवर टक लावून बसणाऱ्यांकडून खुणा निसटत होत्या, त्यातून त्याचा प्रयोग निघाला. कोऱ्या तबकडीवर एक काटा ठरावीक टप्प्यांनी सरकत असे, आणि मधूनच दुप्पट उडी मारी. बघणाऱ्याने ती उडी टिपायची, सलग दोन तास. उड्या निसटण्याचं प्रमाण पहिल्या अर्ध्या तासानंतरच ठळकपणे वाढलं. बिलं चढवणं म्हणजे काटा बघणं नव्हे, हात चालू असतात. तरी दोन्ही कामांची जात एकच. शंभर वेळा तेच, आणि एकदाच वेगळं.

मोजायचं असं. दर १५ मिनिटांनी बिलांच्या गठ्ठ्यात पेन्सिलने रेघ मारा, काम थांबवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोळ्यांनी, प्रत्येक दोन रेघांमधली बिलं तपासा आणि चुका मोजा. शक्यतो तपासणारा दुसरा माणूस असावा. एंट्रीतली ठरलेली चूक म्हणजे आकड्यांची अदलाबदल, ५,४६० ऐवजी ४,५६०. अशा वेळी फरक ९०० येतो, आणि शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. त्यामुळे बेरजेत फरक आला आणि त्याला ९ ने भाग गेला, तर आधी उलटे पडलेले आकडे शोधा. बाकीच्या चुका म्हणजे चुकीचं पार्टी लेजर, सीजीएसटी-एसजीएसटीच्या जागी आयजीएसटी, आणि बिलाच्या तारखेऐवजी माल आल्याची तारीख. या बेरजेत दिसतीलच असं नाही, त्या २बी जुळवताना उगवतात.

एक उदाहरण, आकड्यांसह

क्लायंट आहे अंबडमधलं एक मशीन शॉप. महिन्याला १४० खरेदी बिलं, ३८ पुरवठादार. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, तुमचे वेगळे येतील. हिशेबाची रीत तीच राहते.

आधी एंट्री. जम बसायला २ मिनिटं, सुट्टीनंतर १ मिनिट. दोन तासांत २५-५ चे चार डाव घेतले तर कामाची १०० मिनिटं, त्यातली जमात गेलेली २ अधिक ३, म्हणजे निव्वळ ९५. मध्ये दहा मिनिटांची सुट्टी घेऊन ५५ मिनिटांच्या दोन बैठका केल्या तर ११० वजा ३, निव्वळ १०७. कागदावर लांब बैठक १२ मिनिटांनी पुढे. आता रेघांचा हिशेब बघा. सलग बसल्यावर पहिल्या अर्ध्या तासात २४ बिलं आणि चूक एकही नाही, त्यापुढच्या २५ मिनिटांत १९ बिलं आणि दोन चुका. एक चूक नंतर शोधून दुरुस्त करायला सात मिनिटं धरली, तर दोन बैठकांच्या चार चुकांना २८ मिनिटं जातात. मिळवलेली १२ मिनिटं तिथेच संपली, वर १६ मिनिटं अंगावर आली. इथे छोटा डावच बरा.

आता ताळमेळ. जम बसायला १२ मिनिटं, कारण दोन फाइली उघडायच्या, फिल्टर लावायचे, काल कुठल्या पुरवठादाराला फोन केला होता आणि कोण ‘पुढच्या महिन्यात टाकतो’ म्हणाला होता, हे सगळं डोक्यात परत भरावं लागतं. सुट्टीनंतर ४ मिनिटं. चार डावांत १०० वजा २४ (१२ अधिक तीन वेळा ४), निव्वळ ७६. दोन बैठकांत एकच सुट्टी आणि ती थोडी मोठी, म्हणून परतायला ५ मिनिटं धरू: ११० वजा १७, निव्वळ ९३. फरक १७ मिनिटांचा. शिवाय ताळमेळात बिलागणिक काहीतरी वेगळं निघत असल्याने लक्ष एंट्रीइतक्या लवकर पातळ होत नाही; या उदाहरणात चुका वाढल्या त्या साधारण ७५व्या मिनिटानंतर. मग सलग दोन तास का बसू नये, असं वाटेल. कारण ७५ मिनिटांनंतरची चूक एंट्रीच्या चुकीपेक्षा महाग असते. न जुळणारं बिल ‘जुळलं’ म्हणून हिरवं केलं की ते थेट ३बीमध्ये इनपुट क्रेडिट म्हणून जातं, आणि परत भेटतं ते नोटिशीतच.

मापाचा नियम

या दोन आकड्यांवरून डाव किंवा बैठक ठरवायची आमची एक ढोबळ रीत आहे. जमाच्या वेळेला पाचने गुणा, ही खालची मर्यादा. यापेक्षा छोटा डाव घेतला तर पाचव्या हिश्शाहून जास्त वेळ नुसता रुळण्यातच जातो. चुका वाढण्याचं मिनिट ही वरची मर्यादा. एंट्रीला खालची १० आणि वरची साधारण ३०, म्हणून २५ चा डाव चपखल. ताळमेळाला खालची ६० आणि वरची ७५, म्हणून ६०-६५ ची बैठक. वरच्या हिशेबातली ५५ ची बैठकही थोडी आखूडच होती. कामच एकसुरी असेल तर वरच्या मर्यादेच्या जरा अलीकडे थांबा, कारण थकव्याच्या दिवशी ती मर्यादा खाली सरकते. जेवणानंतरचा पहिला तास तर सकाळच्या आकड्यांनी मोजूच नका, त्याची वेगळी मोजणी करा.

कधी कधी खालची मर्यादा वरच्यापेक्षा मोठी येते. नोटिशीच्या उत्तराचं असंच होतं. समजा एएसएमटी-१० आलीय: ३बीमध्ये घेतलेलं क्रेडिट २बीपेक्षा १,८६,४०० रुपयांनी जास्त का? नोटिशीला एएसएमटी-११ मध्ये उत्तर द्यायला जास्तीत जास्त ३० दिवस मिळतात. या रकमेचे तुकडे पाडायचे असतात: मागच्या वर्षीची बिलं या वर्षी घेतली त्याचे किती, पुरवठादाराने उशिरा भरलं त्याचे किती, क्रेडिट नोट धरायची राहिली त्याचे किती, आणि खरंच जास्त घेतलं गेलं असेल तर किती. तुकड्यांची बेरीज पैशापर्यंत बसेपर्यंत सगळी रक्कम डोक्यात धरून ठेवावी लागते. जम बसायला २० मिनिटं, म्हणजे खालची मर्यादा १००. पण ९० मिनिटांच्या आसपास माणूस तोच परिच्छेद तिसऱ्यांदा लिहायला लागतो. अशा लिखाणात आकडा चुकत नाही, मसुदा पुढे सरकायचा थांबतो. अर्ध्या तासापूर्वी दीड पान होतं आणि आताही दीडच आहे, हीच खूण.

अशा वेळी बैठक ताणू नका, जमाचा वेळ कापा. आदल्या संध्याकाळी नोटीस, त्या वर्षाच्या ३बी, २बीच्या फाइली आणि पुरवठादारांची यादी एकाच फोल्डरमध्ये काढून ठेवा. नोटिशीतला नेमका प्रश्न आपल्या शब्दांत एका ओळीत लिहून वर चिकटवा. एवढ्याने २० चे १५ होतात, खालची मर्यादा ७५ वर येते आणि ८५-९० मिनिटांची बैठक बसते. ती सकाळी साडेआठला लावा. साडेदहानंतर फोन सुरू झाले की ९० मिनिटं सलग मिळतील ही आशा सोडा.

सुट्टी कशी घ्यायची

सुट्टीत व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर परतायची चार मिनिटं दहावर जातात. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. सुट्टीत क्लायंटचा मेसेज वाचला आणि उत्तर ‘नंतर देतो’ म्हणून ठेवलं की तेच घडतं: आता डोक्यात दोन अर्धवट कामं. खिडकीशी उभं राहा, पाणी प्या, खाली जाऊन कटिंग घ्या. फोन टेबलावर राहू द्या. त्याच कारणाने टायमरही फोनवर नको. वेळ बघायला उचललेला फोन वेळ सांगून गप्प बसत नाही. स्वयंपाकघरातलं फिरवायचं टायमर किंवा टेबलावरचं घड्याळ पुरतं.

उठण्यापूर्वी एक मिनिट पुढची ओळ लिहायला ठेवा. ‘ताळमेळ चालू’ असं लिहून काही उपयोग नाही. असं लिहा: ‘पुरवठादार १४. बिल ०२३१ ची रक्कम जुळते, आपल्याकडे तारीख मे, २बीत एप्रिल. एप्रिलची २बी बघायची. मग पुरवठादार १५.’ या चिठ्ठीने चार मिनिटांची दोन होतात. लांब बैठकीत घंटी पुरवठादाराच्या मध्येच वाजली तर तो पुरवठादार संपवा, पण त्यासाठी दहा मिनिटांहून जास्त घेऊ नका. छोट्या डावात मात्र घंटी वाजली की हातातलं बिल सेव्ह करून थांबा. ‘आणखी पाचच’ म्हणत गेलं की डावाची बैठक होते आणि चुका त्याच वाढीव मिनिटांत पडतात.

पोर्टलचाही एक खाचखळगा आहे. जीएसटी पोर्टल साधारण १५ मिनिटं हालचाल नसेल तर बाहेर काढतं. त्यामुळे ताळमेळ पोर्टलवर उघड्या पानावरून करू नका. २बीची एक्सेल उतरवून घ्या आणि लॉगआउट करा. मग सुट्टी दहा मिनिटांची झाली काय आणि वीस मिनिटांची झाली काय, जमाच्या वेळेत लॉगिनची भर पडत नाही.

महिन्याच्या तारखा बघून

एकदा मापं हाती आली की ती महिन्यावर बसवायची. मासिक रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारीख, २बी तयार होते १४ला, ३बी भरायची २०पर्यंत. म्हणून १ ते ११ हे एंट्रीचे आणि छोट्या डावांचे दिवस. १५ ते १७ ताळमेळाच्या बैठकांचे. या तीन दिवसांत सकाळी एक आणि जेवणापूर्वी एक, अशा दोनच बैठका ठेवा. तिसरी बैठक बहुतेकांची निव्वळ नावाला होते. क्लायंटच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी यात आली तर त्याचा ताळमेळ त्याच दिवशी लावा, कारण त्या दिवशी तिथून फोन येत नाही. अर्थात तुम्हालाही त्यांच्याकडून बिलाची प्रत मिळत नाही, म्हणून हव्या असलेल्या प्रतींची यादी आदल्या दिवशीच पाठवलेली बरी.

१८ ते २० ला लांब बैठकीचा हट्ट सोडा. या दिवसांत पोर्टल अडखळतं, आणि ओटीपी क्लायंटच्या मोबाइलवर जातो. क्लायंट मशीनवर उभा असतो किंवा मुंबई-आग्रा महामार्गावर गाडी चालवत असतो. प्रत्येक रिटर्नमागे थांबणं आपल्या हातात नसतं. म्हणून पाच-सहा क्लायंटना सकाळीच ‘साडेअकरा ते बारा फोन जवळ ठेवा’ असं सांगून ठेवा, आणि त्या अर्ध्या तासात ओटीपीची कामं एकापाठोपाठ उरका. ज्याचा ओटीपी आला नाही तो दुपारच्या डावात. द्राक्षाच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसची कामं असतील तर खोकी, पॅकिंग आणि वाहतुकीच्या बिलांचे गठ्ठे एकदम फुगतात. तेव्हाही डाव लांबवू नका, दिवसातले डाव वाढवा आणि प्रत्येक चार डावांनंतरची मोठी सुट्टी खरोखर घ्या.

मापं दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा काढा. नवा मुलगा एंट्रीला बसला की त्याचा जमाचा वेळ २ नव्हे ६ मिनिटं येतो आणि चुका विसाव्या मिनिटापासून दिसतात, म्हणजे पुन्हा तोच पेच: खालची मर्यादा ३०, वरची २०. त्याला बिलं आधी पुरवठादारानुसार लावून द्या आणि २० मिनिटांचेच डाव ठेवा. दोन महिन्यांनी गठ्ठ्यावर पुन्हा रेघा मारून बघा.